बॅग घसरू नये म्हणून उचललेला खांदा

साखळीहून पणजीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, तर उभ्या असलेल्यांच्या खांद्यांकडे एकदा नीट बघा. ज्यांच्या एका खांद्यावर बॅग आहे, त्यांचा तो खांदा वजनाने खाली गेलेला असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांचा बॅगेचा खांदा दुसऱ्यापेक्षा वर असतो, कधी बोटभर, कधी दोन बोटं. त्यांना याचा पत्ताही नसतो. मानेच्या आणि खांद्याच्या ज्या दुखण्यासाठी रोज प्रवास करणारी माणसं माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ त्या दोन बोटांत आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डिचोलीत काम करते. पावसाळा सुरू झाला की या तक्रारी घेऊन येणारे वाढतात. त्यातल्याच एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, दुखणं मात्र जसंच्या तसं आहे.

वय अडतीस, वजन ५४ किलो, नोकरी पणजीतल्या एका कार्यालयात. सकाळी पावणेआठची बस, संध्याकाळी साडेपाचनंतर मिळेल ती. जाताना निम्मी वाट उभ्याने, येताना बहुतेकदा पूर्ण वाट उभ्याने. जूनच्या मध्यावर मानेच्या उजव्या बाजूला ओढ लागायला सुरुवात झाली. जुलै संपेपर्यंत दुखणं कानामागून कपाळाच्या कडेपर्यंत चढायला लागलं होतं आणि स्कूटर मागे घेताना मान उजवीकडे वळेना. मधल्या काळात एक्स-रे काढून झाला, त्यात मणक्यांची थोडी झीज दिसली, गोळ्या झाल्या, गळ्याला पट्टा लावून झाला. आल्या तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "डॉक्टर, माझी नस दबली आहे म्हणे. आता नोकरी सोडावी लागेल का?"

मी त्यांची बॅग मागून घेतली आणि काट्यावर ठेवली. ६ किलो ६०० ग्रॅम. टेबलावर एकेक वस्तू काढली. लॅपटॉप १ किलो ९००. चार्जर ४००. तीन खणांचा स्टीलचा डबा, भाजी-भातासकट, १ किलो २००. लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली, भरलेली, १ किलो ४००. छत्री ४००. पाकीट, चाव्या, औषधं, कंगवा मिळून ५००. आणि रिकामी रेक्झिनची बॅग ८००. सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांना या शेवटच्या आकड्याचं वाटलं.

मग मी ती रिकामी बॅग परत त्यांच्या उजव्या खांद्यावर अडकवायला सांगितली आणि मान व खांदा यांच्या मधल्या मांसल उंचवट्यावर त्यांचीच दोन बोटं ठेवली. उंचवटा सुपारीसारखा टणक होता. बॅग काढली, दहा-बारा सेकंदांत तो सैल झाला. पुन्हा अडकवली, पुन्हा टणक. "पण ही तर रिकामी आहे!" त्या म्हणाल्या.

तिथेच सगळं दडलेलं आहे, म्हणून जरा थांबून समजावून घेऊ.

आपला खांदा हा शेल्फसारखा सपाट नसतो. मानेपासून बाहेरच्या बाजूला तो उतरत जातो, घराच्या कौलांसारखा. त्या उतारावर पट्टा टाकला तर तो घसरणारच. घसरू नये म्हणून आपण काय करतो? खांदा थोडा वर उचलतो, म्हणजे उतार कमी होतो. हे कुणी शिकवत नाही, शाळेत दप्तर एका खांद्यावर टाकायला लागल्यापासून शरीर आपोआप शिकतं. हे काम मुख्यतः दोन स्नायू करतात. एक तो उंचवट्याचा मोठा स्नायू, ट्रॅपिझियस. त्याचा वरचा भाग कवटीच्या मागून आणि मानेतून निघतो आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या बाहेरच्या टोकाला जाऊन चिकटतो. दुसरा त्याच्या खाली लपलेला पट्टीसारखा स्नायू. तो मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून पाठीवरच्या चपट्या हाडाच्या, म्हणजे फऱ्याच्या, वरच्या आतल्या कोपऱ्याला धरतो. फऱ्याच्या त्या कोपऱ्यावर बोट दाबलं की बरेच जण "हां, हां, इथंच!" म्हणून ओरडतात, ती याच स्नायूची जागा. मान वळत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुधा हाच आखडलेला असतो.

आता वजन आणि वेळ यातला फरक बघा. पाण्याने भरलेला तांब्या उचलून ओट्यावर ठेवणं काहीच नाही. तोच तांब्या हात समोर ताणून धरून उभं राहा. मिनिटभरात हात थरथरायला लागतो. तांब्याचं वजन तेवढंच आहे, पण स्नायूला सैल व्हायला फुरसत मिळत नाही. स्नायू आखडतो तेव्हा त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि सैल होतो तेव्हा रक्त पुन्हा खेळतं. चालताना पायाचे स्नायू आखडतात, सुटतात, आखडतात, सुटतात, म्हणून आपण तासभर चालू शकतो. बॅगेखालचा स्नायू पाऊण तास आखडलेलाच राहतो. जोर थोडाच लावलेला असतो, म्हणून त्या वेळी दुखत नाही. शिवाय त्या थोड्या जोरासाठी दर वेळी स्नायूतले तेच ठरावीक धागे आधी कामाला लागतात आणि सगळ्यात शेवटी सुटतात, आणि त्यांचीच झीज होत राहते, असं या विषयातलं एक मत आहे. संध्याकाळी डोकं जड होतं आणि आपल्याला सकाळची बस आठवतही नाही.

म्हणजे वजनाला महत्त्व नाही असं मात्र नाही. वजन दुसऱ्या वाटेने त्रास देतं. कावड खांद्यावर घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना सारखं वजन, म्हणून तो ताठ चालतो. एका बाजूची घागर काढून घेतली तर त्याला दुसऱ्या बाजूला कलावंच लागेल. बॅगेचा पट्टा पाठीच्या कण्यापासून साधारण १५-१६ सेंटिमीटर लांब असतो. आपल्याला उलट्या बाजूने ओढून सरळ ठेवणारे कमरेचे स्नायू मात्र कण्याला अगदी खेटून, जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तराजूचा हिशेब लावा. तिपटीने जवळ बसलेल्याला तिप्पट ओढावं लागतं. साडेसहा किलोच्या बॅगेसाठी डाव्या कमरेला जवळजवळ २० किलोचा जोर लावावा लागतो. हा आकडा ढोबळ आहे, माणसागणिक बदलेल, पण बॅग उजव्या खांद्यावर आणि कळ डाव्या कमरेत, हे कोडं त्यातून सुटतं. आणि धड डावीकडे कललं तरी डोळे सरळ रेषेत हवे असतात, म्हणून मान पुन्हा उजवीकडे वाकते. बसभर कणा असा नागमोडी राहतो. बाजारात पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायका एवढं वजन घेऊनही सरळ चालतात, कारण चुंबळीवरचं ओझं थेट कण्याच्या वर असतं. मानेच्या मणक्यांना त्याचा वेगळा भार पडतो हेही खरं, पण असं एका बाजूला ओढलं जात नाही.

त्यात आपली बस. गर्दी झाली की कंडक्टर "फाटीं जागो आसा, फाटीं वचात!" म्हणून आत ढकलत राहतो, आणि मधल्या जागेत धरायला फक्त छताची दांडी उरते. माझ्या या बाईंची उंची पाच फुटांच्या आसपास. डावा हात वर ताणून दांडी धरायची, म्हणजे डावा खांदाही वर. उजवा बॅगेसाठी वर, डावा दांडीसाठी वर, मान मधोमध कासवासारखी आत. कधी हात बदलून उजव्याने दांडी धरली तर पट्टा सरकून थेट मानेच्या बुंध्याशी येतो आणि तिथं रुततो. चढ-उतार आणि वळणं आहेतच. गचकन ब्रेक लागला की लोंबती बॅग पुढे झोका घेते आणि खांदा तिला पकडायला आणखी आखडतो.

जूनमध्येच का सुरू झालं, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. घरी सगळे म्हणत होते, पावसाळी हवा, वात. मला वाटतं कारण अधिक साधं आहे. पावसात त्या अंगावर रेनकोट घालतात. गुळगुळीत ओल्या रेनकोटवर पट्टा सुती कुर्त्यावर राहतो तसा राहत नाही, सारखा घसरतो. म्हणून खांदा आणखी वर. एरवी बसच्या तळाला पायांजवळ ठेवता येणारी बॅग चिखल-पाण्यामुळे खाली ठेवता येत नाही, ती पूर्ण वाट खांद्यावरच. बॅगेत छत्रीची भर, तीही परतताना भिजलेली. म्हणजे मे महिन्यात जे जेमतेम सोसत होतं, ते जूनमध्ये सोसेनासं झालं.

रेल्वेने पेडणे, थिवी, करमळीकडून जा-ये करणारेही येतात, पण डब्यात वर सामान ठेवायला जागा असते म्हणून त्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांचं दुखणं बहुधा मोबाईलवर मान खाली घालून बसण्याचं असतं. तो विषय इथं घेत नाही.

आता "नस दबली" या भीतीबद्दल. हे दुखणं स्नायूचं की नसेचं की सांध्याचं, हे बरंचसं घरच्या घरी ओळखू येतं. स्नायूचं दुखणं बोथट असतं, ओढ लागल्यासारखं. ते मान, खांद्याचा उंचवटा, फऱ्याची आतली कड आणि कधी कानशिलापर्यंत असतं. दाबलं की दुखतं आणि बरंही वाटतं. रविवारी कमी, शुक्रवारी संध्याकाळी जास्त. नसेचं दुखणं हातात उतरतं, कोपराच्या खाली जातं, मुंग्या येतात, करंट लागल्यासारखं होतं. मान दुखऱ्या बाजूला वळवून, कलवून मागे नेली की हातात कळ जाते. गंमत म्हणजे अशा माणसाला तो हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण कमी होतो. मुंग्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे असतील तर मानेतल्या मणक्यापाशी काही असण्याची शक्यता जास्त. करंगळीच्या बाजूला असतील तर गळ्याखालच्या हाडामागून, पहिल्या बरगडीवरून जिथं हाताच्या नसांचा जुडगा जातो तिथं पट्ट्याचा दाब पडत असू शकतो, किंवा कोपराशी नस दुखावलेली असू शकते. अरुंद पट्ट्याच्या जड बॅगेने असा दाब खरंच पडतो.

तिसरी शक्यता खांद्याच्या सांध्याची. बॅग नसतानाही हात मागे नेऊन ब्लाऊजचे हूक लावता येत नाहीत, केस विंचरताना हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर बॅगेला दोष देऊन थांबू नका. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा गोठण्याचा त्रास जास्त होतो आणि तो जितका लवकर ओळखाल तितका बरा.

काही खुणांना मात्र बॅगेशी जोडूच नये. हाताची ताकद कमी होणं, वस्तू हातातून निसटणं, बटण लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं. ताप किंवा वजन घटण्यासोबत मानदुखी. रात्री झोपेतून उठवणारं, कुठल्याही स्थितीत न थांबणारं दुखणं. अशा वेळी लगेच डॉक्टरकडे. आणि चढ चढताना किंवा धावत बस पकडताना डावा खांदा, हात, जबडा भरून येत असेल, घाम सुटत असेल, छाती जड होत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. त्या दिवशी मलम लावून घरी बसू नका, थेट इस्पितळात जा.

आमच्या बाईंना यातलं काही नव्हतं. दोन्ही हातांची ताकद सारखी, मुंग्या नाहीत, मान कलवली तरी कळ हातात जात नव्हती, खांदा सगळीकडे फिरत होता. मान डावीकडे पूर्ण वळत होती, उजवीकडे निम्म्याच्या थोडी पुढे. एक्स-रेमधल्या झिजेचं काय? चाळिशीच्या आसपास ज्यांची मान कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही ती दिसते. केस पिकण्यासारखं ते आहे. मी त्यांना गळ्याचा पट्टा काढायला सांगितलं, कारण आठवडेच्या आठवडे मान पट्ट्याच्या आधाराने ठेवली की तिचे स्नायू आळशी होतात.

मग बॅग. चार्जर कार्यालयात कायमचा राहील, घरी दुसरा होता. बाटली रिकामी न्यायची, पणजीला पोचल्यावर भरायची. बाटलीतलं पाणी म्हणजे एक किलो, आणि ते त्या रोज बसमधून उगाच फिरवत होत्या. बसमध्ये तहान लागली तर घोटभर पुरेल एवढंच ठेवायचं. तीन खणांऐवजी दोन खणांचा हलका डबा. रेक्झिनची बॅग जाऊन कॅनव्हासची, वजन निम्मं. इतक्याने ६ किलो ६०० चे ४ किलो ३०० झाले. लॅपटॉप रोज घरी न्यावा लागतो का, हे विचारायला त्या कचरत होत्या. विचारलं, तर सोमवार ते गुरुवार कुलपाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला कुणाची ना नव्हती. उरले २ किलो ४००.

मोठ्या माणसांनी किती वजन न्यावं याचा पक्का आकडा नाही. शाळकरी मुलांसाठी केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, तीही दोन्ही खांद्यांवरच्या दप्तरासाठी. एका खांद्यावर मी त्याच्या निम्म्याच्या आसपास राहायला सांगते. हा माझा अनुभवाचा हिशेब आहे.

पट्ट्याचं काय करावं? पाठीवरची, दोन पट्ट्यांची बॅग सर्वांत चांगली, कारण दोन्ही बाजू सारख्या राहतात आणि घसरण्याचा प्रश्नच मिटतो. अट एवढीच की पट्टे आवळलेले हवेत आणि बॅग पाठीला चिकटलेली, कमरेखाली लोंबणारी नको. पट्टे सैल सोडून ढुंगणावर आपटणारी बॅग मागे खेचते आणि मान पुढे जाते. गर्दीत मागच्याला टोचते आणि चेनही उघडली जाऊ शकते, म्हणून ती बसमध्ये पोटावर घ्यावी लागते. अर्ध्या तासासाठी ते चालतं. बाईंना साडीवर पाठीची बॅग नको होती, तेव्हा आम्ही तिरकी अडकवायची निवडली. पट्टा डाव्या खांद्यावरून, बॅग उजव्या कमरेवर. यात पट्टा मानेमुळे अडतो, घसरत नाही, म्हणून खांदा उचलायची गरज उरत नाही. हाच तिचा मुख्य फायदा. वजन तरीही एकाच खांद्यावर असतं, त्यामुळे जड बॅग तिरकी अडकवली की झालं, असं समजू नका. पट्टा चार बोटं रुंद हवा, आणि बॅग कमरेच्या हाडाच्या वर टेकेल इतका आखूड. परतताना बाजू बदलायची.

नुसता खांदा बदलायचा सल्ला लोक देतात, पण एका खांद्यावरची बॅग दुसऱ्या खांद्यावर टाकून पाहा, ती सारखी घसरते. त्या खांद्याला उचलून धरायची सवय नसते ना! मग दोन-तीन दिवसांत माणूस परत जुन्या बाजूवर येतो.

बसमधल्या वागण्यात तीन बदल केले. आपल्याकडची एक सुंदर रीत म्हणजे बसलेला माणूस उभ्या असलेल्याची बॅग मांडीवर घेतो. शाळेच्या मुलांची दप्तरं अजूनही अशीच पुढे-मागे जातात. मोठी माणसं मात्र संकोचतात. मी बाईंना म्हटलं, "समोर बसलेल्या बाईला सरळ म्हणा, बाय, एवढी बॅग धरशील?" त्यांना एकदाही नकार मिळाला नाही. नाहीतर ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनच्या झाकणावर किंवा मागे ठेवायला जागा असते, तिथं ठेवायची. दुसरं, छताची दांडी सोडून उभा खांब किंवा सीटच्या पाठीचा कडा धरायचा, कोपर वाकवून, हात खांद्याच्या खाली राहील असा. त्यासाठी आत शिरताना जागा हेरावी लागते. आणि तिसरं, प्रत्येक थांब्यावर, बस उभी राहिली की, दोन्ही खांदे मुद्दाम कानांकडे उचलायचे आणि एकदम सोडून द्यायचे. दोन सेकंदांचं काम. आखडलेल्या स्नायूला सुटायची आठवण करून द्यायची. साखळी ते पणजी थांबे काही कमी नाहीत.

पहिले दहा दिवस मी व्यायाम दिला नाही, फक्त शेक आणि एक ताण. खुर्चीत बसून उजवा हात सीटखाली धरायचा, नाक डाव्या काखेकडे न्यायचं, ओढ लागेल तिथं २० सेकंद थांबायचं, तीन वेळा. ओढ लागावी, कळ नको. मान गोल गोल फिरवणं मी कुणालाच सांगत नाही, मागे फिरवताना आखडलेल्या मानेला त्रासच होतो.

त्यानंतर वजनं. याला त्यांनी हरकत घेतली. "वजनाने दुखलं आणि आता वजनच उचलायचं?" हरकत रास्त होती. पण दमून जाणाऱ्या स्नायूला नुसता आराम दिला तर तो तेवढाच राहतो आणि बसमध्ये पुन्हा दमतो. तोच स्नायू बळकट केला तर त्याच कामाला त्याला कमी जोर लागतो. डेन्मार्कमध्ये याच स्नायूच्या दुखण्याने त्रासलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, काहींनी खांद्यांसाठी डंबेल उचलले, काहींनी सायकल चालवली. डंबेलवाल्यांचं दुखणं बरंच आणि टिकाऊपणे कमी झालं, सायकलवाल्यांना फक्त तेवढ्यापुरतं बरं वाटलं. फरक कुठे आहे? डंबेल उचलताना स्नायू आखडतो आणि सुटतो, वर-खाली, मध्ये पूर्ण विसावतो. बॅगेखाली तो सुटतच नाही.

बाईंकडे डंबेल नव्हते. लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. हात बाजूला सोडून उभं राहायचं, खांदे सावकाश वर, क्षणभर थांबून सावकाश खाली, पूर्ण सैल. बारा वेळा. मग कोपर थोडी वाकवून दोन्ही हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत. बारा वेळा. अशा तीन फेऱ्या, एका दिवसाआड. बारा वेळा सहज व्हायला लागले की बाटल्यांच्या जागी दोन-दोन किलोच्या तांदळाच्या पिशव्या. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू थोडा दुखला तर चालतं, पण दुखणं दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलं किंवा कपाळापर्यंत चढलं तर वजन एक पायरी खाली.

तीन आठवड्यांत डोकेदुखी थांबली. मान वळायला पाच आठवडे लागले. आणि मग चवथ आली. गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, नारळ, केळी, भाजी, सगळं एका संध्याकाळी बाजारातून, एका हातात दोन कापडी पिशव्या, दुसऱ्यात छत्री. दुसऱ्या दिवशी फोन आला, "डॉक्टर, पहिल्यासारखं झालं." पहिल्यासारखं नव्हतं, पण त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. चार दिवस वजनं बंद ठेवली, ताण आणि शेक चालू ठेवला, पुन्हा बाटल्यांपासून सुरुवात केली. आठवड्याभरात त्या आधीच्या जागी आल्या. दुखणं सुटतं ते असंच, पुढे-मागे होत. हातातल्या पिशवीबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. सामान दोन्ही हातांत वाटून घ्यायचं, छत्रीसाठी हात उरत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सोबत न्यायचं.

दहाव्या आठवड्यात त्यांच्या मुलीने पाठीमागून दोन फोटो काढले, एक बॅगेसह, एक बॅगेशिवाय, आणि मला आणून दाखवले. पहिल्या दिवशी मी काढून ठेवलेल्या फोटोत उजवा खांदा दोन बोटं वर होता, बॅग काढल्यावरही जवळजवळ बोटभर वरच. नव्या फोटोत बॅगेशिवाय दोन्ही खांदे सारखे होते, आणि तिरक्या बॅगेसह किंचित फरक होता. शुक्रवारी लॅपटॉप घरी आणायचा असतो, त्या संध्याकाळी अजून थोडी ओढ लागते, असं त्या म्हणाल्या. पिशव्या उचलायचा व्यायाम आता आठवड्यातून दोनदा आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या बॅग काट्यावर ठेवतात. गेल्या खेपेला ती ३ किलो १०० भरली होती. आतून एक जुनी डायरी आणि दोन छत्र्या निघाल्या.